सूर्यास्ताच्या आकाशासमोरची छायाकृती: प्रॉम्प्टमध्ये नेमके काय चुकते आहे?

पाऊलवाट

आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी मी मुखपृष्ठाचे चित्र तयार करतो आहे. मावळतीचे उजळलेले आकाश, त्यासमोरून पताका घेऊन चालणारा एकच वारकरी, आणि क्षितिजापासून वरपर्यंत सोनेरी, गुलाबी, जांभळट असा कुठेही तुटक न दिसणारा रंगांचा उतार, एवढेच मला हवे आहे. घरच्या संगणकावर एसडीएक्सएल ही शब्दांवरून चित्र काढणारी एआय प्रणाली चालवतो. चौकट ८३२ × १२१६, म्हणजे उभी. गेले चार दिवस पुढील प्रॉम्प्टवर अडकलो आहे.

```
a warkari man walking with saffron flag, sunset,
silhouette, glowing orange sky, smooth gradient,
white dhoti, detailed face, highly detailed, 8k, HDR
```

चित्रे सुंदर येतात, पण छायाकृती येत नाही. माणसाचा चेहरा स्पष्ट दिसतो, धोतर पांढरे शुभ्र उजळते, आकाशात ढगांची गर्दी होते आणि दर तीन-चार चित्रांत एकदा दुसरा सूर्य उगवतो. `silhouette` या शब्दाचे वजन १.५ पर्यंत वाढवून पाहिले, तर आकृती काळी झाली खरी, पण कागद कापून चिकटवल्यासारखी, आणि आकाशही सपाट पोस्टरसारखे झाले. मी कोणत्या क्रमाने काय बदलावे?

जुना_कॅमेरा

मी तीस वर्षे छायाचित्रण करतो आहे, त्यामुळे त्या बाजूने सांगतो. सिल्हूट काढताना आपण प्रकाशमापन आकाशावर करतो आणि माणसाला मुद्दाम अंधारात सोडतो. तेच प्रॉम्प्टमध्ये लिहावे. `underexposed by 3 stops, f/11, 1/1000s, ISO 100` असे दिले की आकृती आपोआप काळी पडेल. शिवाय माणूस बाजूने दिसला पाहिजे. समोरून किंवा पाठीमागून पाहिलेली आकृती काळी केली की तिचा नुसता खांब होतो; नाक, हनुवटी, पुढे पडलेले पाऊल यांतले काहीच उरत नाही. दोन पायांमधून आणि हात व धड यांच्यामधून आकाश दिसले, तरच माणूस चालतो आहे हे कळते. त्यासाठी कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर ठेवून क्षितिज खाली घ्यावे लागते, नाहीतर पाय जमिनीच्या काळ्यात बुडतात.

क्षितिजरेषा

जुना_कॅमेरा यांचे आकृतीबद्दलचे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे, आणि प्रॉम्प्टमध्ये सर्वांत आधी तेच यायला हवे. शटर आणि अ‍ॅपर्चरच्या आकड्यांबद्दल मात्र माझा अनुभव वेगळा आहे. या प्रणालीत शटर नाही. ते आकडे ज्या चित्रांच्या वर्णनांत येतात त्या चित्रांकडे ती झुकते, आणि तशी वर्णने पक्ष्यांच्या, गाड्यांच्या, लग्नांच्या छायाचित्रांखालीही असतात. `underexposed` लिहिले की आकाशासकट सगळेच चित्र मळकट होते, कारण प्रकाश कुठे मोजला हे त्या शब्दात कुठेच नाही. कॅमेऱ्याची कृती नव्हे, तर दिसणारी गोष्ट लिहावी: आकृती काळी आहे, तिच्या आत काहीच दिसत नाही आणि मागचे आकाश उजळ आहे.

आता पाऊलवाट यांच्या प्रॉम्प्टकडे येतो. त्यातला निम्मा भाग छायाकृतीच्या विरोधात काम करतो आहे. `detailed face` म्हटल्यावर चेहरा दाखवण्यासाठी समोरून प्रकाश लागतो, `white dhoti` म्हटल्यावर पांढरा रंग दिसावा म्हणून पुन्हा प्रकाश लागतो, आणि `HDR` या शब्दाचा अर्थच सावलीतला तपशील वर काढणे असा आहे. तुम्ही एका हाताने आकृती काळी करता आहात आणि दुसऱ्या हाताने तिच्यावर दिवे लावता आहात. मग `silhouette` चे वजन वाढवून ही रस्सीखेच जिंकता येत नाही, कारण वाढीव वजनाने प्रणाली छायाचित्राकडून चित्रकारीच्या सपाट आकारांकडे सरकते, आणि तुम्हाला दिसलेली कागदी कात्रणे तिथूनच येतात.

नियम म्हणून नव्हे, सवय म्हणून सांगतो: आकृतीबद्दल फक्त बाह्यरेषेचे शब्द ठेवा आणि रंगाचे सगळे शब्द आकाशाला द्या. धोतराचा रंग नको, धोतराचा घोळ हवा. पताकेचा भगवा नको, तिची दोन टोके हवीत.

```
pure black silhouette of one man walking in profile,
turban, loose dhoti outline, long pole with a forked flag,
bare low hilltop, distant view, low camera,
cloudless afterglow, sky fading from pale gold at the horizon
through peach and rose to dusky violet
```

नकारात्मक प्रॉम्प्ट असा:

```
facial features, front light, rim light, HDR,
sun disc, clouds, second person
```

`sunset` हा शब्द मी मुद्दाम काढला आहे. तो आला की सूर्याचे बिंब आणि ढग बरोबर येतातच, कारण लोक ढगांचे सूर्यास्त जास्त टिपतात. `afterglow` म्हणजे सूर्य बुडाल्यानंतरची आभा, आणि तुम्हाला हवा असलेला अखंड उतार खरोखर त्याच वेळी दिसतो. प्रॉम्प्ट किती काटेकोरपणे पाळायचा हे ठरवणारा `CFG` सात-आठवर असेल तर पाचवर आणा. जास्त ठेवल्यास नारिंगी इतका पेटतो की त्यातल्या मधल्या छटा नाहीशा होतात.

रानवारा

माझाही हाच प्रश्न आहे. गेल्या महिन्यात तारकर्लीला संध्याकाळी मुलीचा फोटो काढला. ती पाण्याकडे बघते आहे आणि मागे आकाश लाल आहे, पण तिच्या फ्रॉकवरची फुले अर्धवट दिसतात आणि फोटो ना धड सिल्हूट ना धड साधा फोटो असा झाला आहे. तिला पूर्ण काळे करण्यासाठी कोणता प्रॉम्प्ट द्यावा?

जुना_कॅमेरा

रानवारा, तुमच्याकडे खरा फोटो आहे, त्यामुळे प्रॉम्प्टची गरजच नाही. कोणत्याही संपादकात लेव्हल्स उघडून काळ्याची खूण उजवीकडे सरकवा. मुलीची आकृती काळी होईल आणि आकाश थोडे गडद होऊन बहुधा आणखी चांगले दिसेल. फक्त आकाशाचा क्षितिजाजवळचा भाग पांढरा फटक पडलेला नाही ना, हे आधी पाहा. तो पडला असेल तर तिथला रंग फोटोत नोंदलाच गेलेला नसतो आणि काही केल्या परत येत नाही.

मृद्गंध

मी एसडीएक्सएलऐवजी फ्लक्स ही प्रणाली वापरते. तिथे नकारात्मक प्रॉम्प्टचा परिणाम होताना दिसत नाही. `no sun, no clouds` असे मुख्य प्रॉम्प्टमध्ये लिहिले तर सूर्य हमखास येतो. शिवाय मराठीत प्रॉम्प्ट लिहून पाहिला, तर माणूस आला पण पताकेच्या जागी भलतेच काही आले.

क्षितिजरेषा

फ्लक्सची ‘डेव्ह’ आवृत्ती नकारात्मक प्रॉम्प्टशिवाय चालावी अशीच घडवलेली आहे, त्यामुळे तिथे नको असलेल्या गोष्टीचे नावच काढू नये. ‘ढग नाहीत’ ऐवजी ‘स्वच्छ, रिकामे आकाश’ लिहावे आणि शब्दांची माळ न लावता सरळ वाक्ये द्यावीत.

मराठीबद्दल: एसडीएक्सएल ज्या दोन भाषावाचकांवर चालते ते बहुतांशी इंग्रजीवर तयार झालेले आहेत. देवनागरी अक्षरे त्यांच्या दृष्टीने तुकड्या-तुकड्यांत फुटतात, आणि एका वेळी वाचण्याची ७७ तुकड्यांची मर्यादा एखाद्या वाक्यातच संपते. `warkari` हा शब्दही रोमनमध्ये लिहून फारसे साधत नाही, कारण त्याच्याशी जोडलेला आकार तिथे पक्का नाही. म्हणून मी वरच्या प्रॉम्प्टमध्ये वारकरी असे न लिहिता तो ज्या आकारांनी ओळखू येतो ते आकार लिहिले.

पाऊलवाट

मनापासून आभार. नवीन प्रॉम्प्टने काल रात्री वीस चित्रे काढली. दुसरा सूर्य पूर्णपणे गेला, चेहराही गेला. पण दोन अडचणी उरल्या आहेत. पहिली अशी की आकृती काळी न येता करड्या रंगाची येते, जणू तिच्यावर धुके बसले आहे. `pure black` लिहूनही वीसपैकी पंधरा चित्रांत हेच झाले. दुसरी अडचण अशी की आकाश मोठे करून पाहिले की उतारात आडवे पट्टे दिसतात. ‘स्मूथ’ या अर्थाचे सगळे शब्द घालून पाहिले, फरक पडला नाही.

क्षितिजरेषा

या दोन्ही अडचणी शब्दांच्या आवाक्याबाहेरच्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

करडेपणापासून सुरुवात करू. ही प्रणाली शिकताना चित्रात थोडा थोडा नॉइज मिसळत जाते आणि तो काढायला शिकते. शेवटच्या पायरीवर चित्राचे नामोनिशाण उरू नये अशी अपेक्षा असते, पण एसडीएक्सएल ज्या घराण्यातली आहे त्या स्टेबल डिफ्यूजनच्या आखणीत तिथेही मूळ चित्राचा सुमारे ०.०६८ पट अंश शिल्लक राहतो. हा उरलेला अंश मुख्यतः चित्राच्या सरासरी उजेडाची खूण असतो, म्हणजे चित्र एकूण गडद आहे की उजळ, एवढे त्यातून कळते. शिकताना ही खूण आयती मिळाल्यामुळे प्रणाली एकूण उजेड स्वतः ठरवायला नीट शिकत नाही. आपण चित्र काढायला बसतो तेव्हा सुरुवात कोऱ्या नॉइजपासून होते, ज्याची सरासरी मधली असते, आणि मग तयार चित्राची सरासरीही मध्याकडे ओढली जाते. तुम्ही मोठी काळी आकृती आणि काळी जमीन मागितली की ती कुठेतरी उजेड वाढवून तोल साधते, आणि हा उजेड तुमच्या काळ्यात धुक्यासारखा मिसळतो. निकोलस गुटेनबर्ग यांनी २०२३ च्या सुरुवातीला ऑफसेट नॉइजचा, म्हणजे शिकवताना नॉइजमध्ये चित्रभर सारखी अशी थोडी वाढ-घट मिसळण्याचा, उपाय सुचवला तो याच अडचणीवर, आणि एसडीएक्सएलच्या प्रशिक्षणात तो थोड्या प्रमाणात वापरलाही गेला आहे. म्हणूनच तुमची पाच चित्रे बरी आली. जुन्या १.५ आवृत्तीवर तेवढीही आली नसती.

यावरचा सोपा उपाय म्हणजे कोऱ्या नॉइजपासून सुरुवातच न करणे. मी असे करतो. गिम्पमध्ये ८३२ × १२१६ ची कोरी चौकट घेतो. तळाचा एक पंचमांश भाग काळा रंगवतो. त्याच्या वर क्षितिजापाशी फिकट सोनेरी आणि माथ्यावर गडद जांभळट असा ग्रेडियंट ओढतो, मध्ये पीच आणि गुलाबी या दोन थांब्यांसह. मग मोठ्या कुंचल्याने माणसाचा ढोबळ आकार काळा काढतो. चौकटीच्या उंचीच्या एक तृतीयांशाएवढा, बाजूने, पाय फाकलेला, खांद्यावरून वर गेलेली काठी आणि तिच्या टोकाला दोन टोकांची पताका. चित्रकला येण्याची गरज नाही, दहा मिनिटांचे काम आहे. हे चित्र इमेज-टू-इमेजमध्ये देऊन तोच प्रॉम्प्ट लावतो आणि दिलेले चित्र किती बदलायचे हे ठरवणारा `denoise` ०.५५ च्या आसपास ठेवतो.

तेवढ्या नॉइजमध्ये बारीक रेषा पुसल्या जातात, पण कुठे काळे आणि कुठे उजळ हा मोठा आराखडा शिल्लक राहतो. म्हणजे ज्या गोष्टीत प्रणाली कच्ची आहे ती आपण हाताने दिली, आणि फेट्याचा पीळ, धोतराचा घोळ, जमिनीवरचे गवत हे तिचे काम तिच्यावर सोडले. ०.४ च्या खाली गेलात तर तुमचा ओबडधोबड कुंचलाच चित्रात दिसतो, आणि ०.७५ च्या पुढे करडेपणा परत येऊ लागतो. हे आकडे माझ्या संगणकावरचे आहेत. तुमच्याकडे थोडे सरकतील.

सायंकाळ

पट्ट्यांबद्दल मी लिहितो, कारण छपाईत माझे त्यावरून दोनदा नुकसान झाले आहे. प्रॉम्प्टमध्ये `8k` लिहावे, म्हणजे रंगांच्या पायऱ्या वाढतात आणि पट्टे जातात.

क्षितिजरेषा

सायंकाळ, पायऱ्यांवरचा तुमचा रोख बरोबर आहे, पण `8k` ने त्या वाढत नाहीत. पाऊलवाट यांच्या चित्रावरच हिशेब करून पाहू. साठवलेल्या साध्या चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. समजा, त्यांच्या आकाशात क्षितिजापासून माथ्यापर्यंत निळा रंग ६० पासून ११० पर्यंत चढतो. म्हणजे ५० पायऱ्या, आणि आकाशाची उंची साधारण ९०० ठिपके. प्रत्येक पायरी १८ ठिपक्यांची झाली. मुखपृष्ठासाठी चित्र दुप्पट केले की ती ३६ ठिपक्यांची होते, आणि साडेआठ इंच उंचीच्या पानावर सुमारे तीन मिलिमीटरचा पट्टा छापला जातो. तीन मिलिमीटरचा पट्टा डोळ्याला दिसतो. रंग जितके जवळचे आणि आकाश जितके मोठे, तितके पट्टे रुंद. म्हणजे उतार जितका मुलायम मागाल तितका हा धोका वाढतो, आणि म्हणूनच ‘स्मूथ’ या शब्दाने पाऊलवाट यांना काही मिळाले नाही.

पट्टे मोडतात ते बारीक कणांनी. चित्र गिम्पमध्ये उघडून आधी १६ बिटवर न्यावे, आकृती वेगळ्या थरावर घ्यावी, मग फक्त आकाशाला मोठ्या त्रिज्येचा गॉसियन ब्लर द्यावा आणि त्यावर अगदी हलका नॉइज टाकावा, इतका हलका की चित्र शंभर टक्के मोठे करूनही तो जेमतेम जाणवावा. त्यामुळे दोन पायऱ्यांमधली सीमा सरळ रेषेत न राहता विखुरते आणि डोळ्याला सलग उतार दिसतो. हे सगळे झाल्यावरच ८ बिटवर यावे आणि पीएनजी किंवा टिफमध्ये साठवावे. जेपीईजीची दाबलेली प्रत हे कण पुसून टाकते आणि पट्टे परत आणते. व्हॉट्सअ‍ॅपवरून मुद्रकाकडे पाठवलेले चित्र तर मुळीच चालणार नाही.

आणखी एक. चित्र मोठे करण्यासाठी तपशील भरणारी साधने आकाशावर वापरू नका. ती पट्ट्याच्या कडेला रेषा समजतात आणि आणखी ठळक करतात.

सायंकाळ

आता लक्षात आले. माझ्या दोन्ही चित्रांत मी आधी मोठे करून मग ब्लर दिला होता, तोही ८ बिटमध्येच. आकृतीबाबत माझी एक सूचना मात्र ठेवा. छायाकृती एकाच रंगाची असल्यामुळे ती इंकस्केपमध्ये ट्रेस करून व्हेक्टर करता येते. मग ती कितीही मोठी छापली तरी कडा धारदार राहते. आणि भडक नारिंगी पडद्यावर दिसतो तसा छपाईत उतरत नाही, म्हणून पक्के करण्यापूर्वी मुद्रकाकडून एक नमुनाप्रत जरूर काढून घ्या.

मृद्गंध

एक वेगळा विचार मांडते. पताका घेतलेल्या पुरुषाऐवजी डोक्यावर तुळशी वृंदावन घेतलेली बाई घ्यावी. पताका वाऱ्याने काठीला लपेटली की काळ्यात नुसता सोटा दिसतो, आणि वीणा किंवा टाळ धडासमोर आले की दिसतच नाहीत. वृंदावन मात्र डोक्याच्या वर, पूर्णपणे आकाशावर उमटते, आणि वर आधाराला गेलेल्या हातामुळे कोपर आणि मान यांच्यामध्ये आकाशाचा एक त्रिकोण मोकळा राहतो. मराठी वाचकाला ती आकृती एका क्षणात ओळखू येईल. प्रॉम्प्टमध्ये `small square planter with a leafy shrub balanced on her head, one arm raised to hold it` असे लिहून पाहिले आहे. घागर येऊ नये म्हणून ‘चौकोनी’ हा शब्द आवश्यक ठरतो.

देशस्थ_वाटसरू

चित्राच्या तंत्रात मला गती नाही, पण एक शंका आहे. आषाढी वारी पावसाळ्यात असते. त्या दिवसांत असे निरभ्र, तेजस्वी आकाश संध्याकाळी दिसणे दुर्मीळ. वाचक म्हणतील की हा कोणता वारकरी आणि हे कोणते आभाळ?

पाऊलवाट

शंका योग्य आहे आणि ती मला सुचली नव्हती. अंक दिवाळीचा आहे, त्यामुळे हा वारकरी कार्तिकीला निघालेला आहे असे मी मानतो. पाऊस ओसरलेला असतो आणि त्या दिवसांत संध्याकाळी स्वच्छ आकाश दिसते. एकटाच माणूस असल्याने तो दिंडीतला नसून घरून निघालेला वाटतो, तेही मला हवेच आहे.

मृद्गंध, तुमची सूचना करून पाहिली. कच्चा आराखडा काढतानाच तिची ताकद कळली. कुंचल्याचे चार फटकारे झाले आणि बाई चालू लागली. आता मुखपृष्ठावर तीच घेतो आहे. ०.५५ वर बारा चित्रे काढली, त्यांतल्या नऊ चित्रांत काळा रंग खरोखर काळा आला. दोन चित्रांत वृंदावनाचे झाड फार मोठे झाले, ती बाजूला ठेवली. निवडलेल्या चित्रात आकृती ट्रेस केली आणि मागचे आकाश १६ बिटमध्ये कणांसह पुन्हा बांधले. पट्टे गेले.

फक्त एक गोष्ट खटकते. पीच रंगाच्या वर, जांभळट सुरू होण्याआधी, एक मळकट करडा भाग येतो.

क्षितिजरेषा

नारिंगी आणि निळा हे एकमेकांच्या विरुद्ध रंग आहेत, त्यामुळे त्यांची सरळ सरमिसळ केली की मधोमध करडा येतोच. ग्रेडियंटमध्ये त्या जागी गुलाबीचा थांबा थोडा अधिक गडद आणि रुंद ठेवा, म्हणजे पीच थेट जांभळटाला भिडणार नाही.

जुना_कॅमेरा

इथे मी थोडा असहमत आहे. सूर्य बुडाल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी स्वच्छ आकाश नीट पाहिले, तर पिवळ्याच्या वर एक अगदी फिकट, हिरवट पांढरी पट्टी दिसते आणि मग निळा सुरू होतो. गुलाबी प्रत्येक वेळी नसतो. हा मधला फिकट भाग पुसून तिथे गुलाबी भरला की आकाश शुभेच्छापत्रासारखे होते.

क्षितिजरेषा

तुमचे निरीक्षण मला मान्य आहे, मीही ती पट्टी पाहिली आहे. पण प्रॉम्प्टमध्ये `pale green` लिहिले की माझ्याकडे दरवेळी ध्रुवीय प्रकाशासारखे आकाश आले. कच्च्या आराखड्यात तो रंग हाताने दिला तर `denoise` च्या पायऱ्यांमध्ये तो पुन्हा पिवळ्यात विरघळतो.

पाऊलवाट

आकाश मी तसेही गिम्पमध्ये पुन्हा बांधतो आहे, त्यामुळे तिथे प्रॉम्प्टचा अडसर नाही. आज संध्याकाळी गच्चीवर जाऊन ती पट्टी स्वतः पाहतो, आणि उद्या मुद्रकाकडे दोन्ही नमुने घेऊन जातो: एक गुलाबी थांब्याचा आणि एक फिकट हिरवट पट्टीचा.